बाजूने फोटो काढताना हनुवटी आत गेलेली दिसते? मग हे करून पहा

आमच्या गटाच्या चिवड्याच्या पाकिटावर छापायला एका ताईंचा कढईपुढे उभा असलेला बाजूचा फोटो काढला. फोटो बघून ताई म्हणाल्या, "अगं, मला हनुवटीच नाहीये का?" हनुवटी होती, पण लहान आणि जरा आत. आपण फोटोच चुकीचा काढला होता.

पहिली चूक मोबाईल धरण्याची. सेल्फीच्या सवयीने आम्ही तो वरून आणि अगदी जवळून धरला. वरून धरला की कपाळ कॅमेऱ्याजवळ येतं आणि हनुवटी लांब जाते, म्हणून ती आणखी लहान दिसते. जवळून काढलं की नाक मोठं येतं. मग आम्ही पाच-सहा फूट मागे गेलो, मोबाईल ताईंच्या ओठांच्या उंचीवर धरला आणि थोडं झूम केलं. त्याहून खाली मात्र नेऊ नका, नाहीतर नाकपुड्या आणि गळ्याची खालची बाजूच दिसते.

दुसरं, पूर्ण बाजूने उभं राहू नका. चेहरा कॅमेऱ्याकडे थोडा वळवा, पलीकडच्या डोळ्याच्या पापण्या दिसू लागल्या की थांबा. हनुवटी किती आत आहे हे अगदी बाजूनेच कळतं, वळल्यावर तो फरक झाकला जातो. मान किंचित पुढे काढून हनुवटी जराशी वर करा. ओठ दाबून मिटू नका, कारण जोर लावला की हनुवटीवर बारीक खड्डे पडतात आणि ते फोटोत लगेच दिसतात.

आता केस. ताईंनी तेल लावून केस चापून मागे ओढले होते आणि अंबाडा उंच बांधला होता. त्यामुळे नाकाची रेघ उठून दिसत होती. आम्ही कपाळाजवळचे केस सैल केले, अंबाडा सोडून सैल वेणी घातली आणि ती कॅमेऱ्याकडच्या खांद्यावरून पुढे घेतली. केसांचा भरीवपणा हनुवटीच्या उंचीला आला, तेव्हा चेहरा खालीही भरल्यासारखा दिसला.

गळ्याचं काम सोपं. बंद गळ्याचा ब्लाऊज, गळ्याभोवती गुंडाळलेला पदर आणि घट्ट ठुशी यांनी हनुवटीखालची जागा भरून जाते, मग हनुवटी आणि गळा एकच वाटतो. ताईंनी ठुशी काढून लांब मंगळसूत्र ठेवलं, पदर मागे सारला. व्ही आकाराचा किंवा खोल गोल गळा असेल तर मान लांब दिसते. डोक्यावर पदर घेत असाल तर घ्या, फक्त त्याची चुणी हनुवटीखाली गोळा होऊ देऊ नका.

दुसरा फोटो पाहून ताई म्हणाल्या, "हा छापा." पण शेजारच्या काकूंनी हेच केलं तर जमेना. त्यांची हनुवटी लहान नव्हतीच, गळ्याखाली मांस जास्त होतं. त्यांचा फोटो मोबाईल थोडा वर धरल्यावरच चांगला आला.