‘मला वाटलंच होतं’

दहावीचा निकाल लागला की दोन दिवस माझा फोन थांबत नाही. बहुतेक फोनची सुरुवात एकाच वाक्याने होते: ‘सर, मला वाटलंच होतं.’ मार्क कमी पडले तरी हेच, जास्त पडले तरी हेच.

म्हणून एका वर्षी सराव परीक्षेनंतरच्या पालकसभेत मी चिठ्ठ्या वाटल्या. मुलाला बोर्डात गणितात किती मार्क पडतील आणि का, हे लिहून, सही करून पाकिटात बंद करायचं. निकालानंतर पाकीट परत देण्याआधी मी प्रत्येकाला विचारलं, ‘काय लिहिलं होतं, आठवतं?’ एक वडील लगेच म्हणाले, ‘पंचाहत्तरच्या आसपास. मोबाइल सुटत नव्हता ना त्याचा.’ मुलाला ७१ पडले होते. पाकीट उघडलं तर आत ८८, आणि खाली कारण: ‘अभ्यास नियमित, मोबाइलही कमी केलाय.’ त्यांनी दोनदा वाचलं आणि हळूच म्हणाले, ‘अक्षर तर माझंच आहे.’

ते खोटं बोलत नव्हते. निकाल कळला की मन आधीचा अंदाज गुपचूप सरकवून निकालाशेजारी नेऊन ठेवतं आणि सरकवल्याची खूणही ठेवत नाही. आपल्याकडे याला पश्चातबुद्धी म्हणतात, पण त्यात एक गोष्ट राहून जाते. उशिरा आलेलं शहाणपण आपल्याला आधीपासूनचंच वाटतं.

बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. १८१४ साली सुरू झालेल्या इंग्रज-गुरखा युद्धावरचा एक उतारा त्याने लोकांना वाचायला दिला. गुरखे थोडे, पण शूर आणि डोंगरात मुरलेले; इंग्रज सेनापतींना मैदानातल्या लढाईची सवय, असा मजकूर. मग काहींना सांगितलं इंग्रज जिंकले, काहींना गुरखे, काहींना लढाई अनिर्णित राहिली. ‘शेवट माहीत नसता, तर तुम्ही कशाची किती शक्यता धरली असती?’ ज्याला जो शेवट सांगितला, त्याला तोच जास्त संभवनीय वाटला. उतारा सगळ्यांचा एकच होता. त्यातली कुठली गोष्ट महत्त्वाची, हे मात्र शेवटानुसार बदललं.

बातम्यांत हे रोज घडतं. २०२४च्या जूनमध्ये लोकसभेला महाराष्ट्रात महाविकास आघाडीला ४८पैकी ३० जागा मिळाल्या, तेव्हा कांदा, आरक्षण, पक्षफूट ही कारणं सगळ्यांना ‘उघड’ दिसत होती. नोव्हेंबरमध्ये विधानसभेला महायुती २८८पैकी २३०च्या घरात गेली आणि ‘लाडकी बहीण’ उघड झाली. योजना तर जुलैपासून डोळ्यांसमोर होती. आणि कांद्याचं काय झालं, हे नोव्हेंबरात फारसं कुणी विचारलं नाही. चर्चा करणारे तज्ज्ञ तेच, आत्मविश्वासही तोच.

घरात मोबाइलचं तसंच होतं. ७१ पडले की मोबाइल दोषी. ९२ पडले की ‘मुलाला थोडा विरंगुळा हवाच.’ त्या मुलाच्या उत्तरपत्रिकांची छायाप्रत आम्ही बोर्डाकडून मागवली. अंतर्गत मूल्यमापन २०पैकी १९. बीजगणित ४०पैकी ३३. भूमिती ४०पैकी १९. सिद्धतेच्या पायऱ्या बरोबर होत्या, पण पायरीसमोर कारण लिहिलेलं नव्हतं. रचनेचा एक प्रश्न अर्धवट आणि शेवटचे दोन कोरे. म्हणजे एका पेपरात त्याला वेळेचं गणित जमलं नव्हतं. मोबाइलने वेळ खाल्लाही असेल, मी नाही म्हणत नाही. पण तेवढ्यावर थांबलो असतो, तर अकरावीतही भूमितीची कारणं तशीच सुटत राहिली असती. आणि मुलाच्या कानावर काय पडतं पाहा. ‘आम्हाला माहीतच होतं’ ऐकल्यावर तो मनात म्हणतो, मग परीक्षेआधी बोलला का नाहीत?

हा भ्रम असतो एवढं कळल्याने तो फारसा जात नाही. मी स्वतः दर निकालाला त्यात सापडतो. थोडाफार उपयोग होतो तो उलटा प्रश्न विचारल्याचा: याच मुलाला ८८ पडले असते, तर मी त्याचं कारण काय सांगितलं असतं? त्या वडिलांना मी हे विचारलं. ते म्हणाले, ‘बीजगणित पक्कं आहे म्हणून.’ आणि ते पक्कं होतंच, ३३ मार्कांचं.

यंदाची पाकिटं माझ्या कपाटात आहेत. त्यांत एक माझंही आहे, सगळ्या वर्गाच्या अंदाजांचं. निकालाच्या दिवशी आधी तेच उघडू.