कामाच्या घरी त्रास : नोंद कशी ठेवायची, अर्ज कुठे द्यायचा

मैत्रिणींनो, आपल्यापैकी बऱ्याच जणी सकाळच्या एसटीने तालुक्याला जाऊन धुणी-भांडी, स्वयंपाक करतात. आपल्या प्रभागातली अशीच एक ताई सप्टेंबरअखेर माझ्याकडे आली. घरमालक एकटा असला की घाणेरडं बोलायचा, वाटेत आडवा उभा राहायचा. २१ जुलैला त्याने हात धरला. तिने त्याच दिवशी काम सोडलं. "आता इतके दिवस झाले, कोण ऐकणार?" असं ती म्हणाली.

ऐकणारं कोण, ते आधी सांगते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३चा कायदा आहे. त्यात घरकाम करणारी बाई येते आणि ती जिथे काम करते ते घरही 'कामाचं ठिकाण' धरलं आहे. लेखी करार नसला, रोज एकच तास काम असलं तरी चालतं. अशा तक्रारीसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते. जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात तिचा पत्ता मिळतो. अर्ज प्रसंगापासून तीन महिन्यांत द्यायचा असतो. त्रास वारंवार झाला असेल, तर शेवटच्या प्रसंगापासून मोजायचं. ताईचा पहिला प्रसंग ३ जूनचा होता, पण शेवटचा २१ जुलैचा, म्हणून २१ ऑक्टोबरपर्यंत वेळ होता. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते, पण त्या भरवशावर राहू नये.

मग आम्ही वही काढली. बचतीच्या वहीत आपण तारीख आणि रक्कम लिहितो ना, तसंच. प्रत्येक प्रसंगाची तारीख, वेळ, घरातली जागा, तो नेमकं काय बोलला, आपण काय केलं, घरात आणखी कोण होतं. त्याचे शब्द लाज वाटली तरी जसेच्या तसे लिहायचे. 'वाईट वागला' एवढ्यावरून कुणालाच काही कळत नाही. ताईला जूनची नेमकी तारीख आठवेना. मुलाच्या शाळेचं साहित्य आणलं त्याच्या आदल्या दिवशी, एवढं आठवलं. दुकानाच्या पावतीवरून तारीख सापडली. जे आठवत नाही तिथे 'साधारण' लिहावं, अंदाजाने पक्की तारीख घालू नये. एक तारीख खोटी निघाली की सगळ्या वहीवर शंका येते.

घरात साक्षीदार नसतोच. पण २१ तारखेला एसटीत रडताना तिने शेजारणीला सगळं सांगितलं होतं. ती शेजारीण साक्षीदार. दुसरी अडचण म्हणजे मालक सरळ म्हणतो, 'ही आमच्याकडे कामाला नव्हतीच.' पगार रोखीत, कागद काही नाही. ताईच्या मोबाईलमध्ये मालकिणीचे 'उद्या लवकर ये' असे मेसेज होते. सोसायटी असेल तर वॉचमनची नोंदवहीही उपयोगी पडते. मेसेज पुसू नका, रेकॉर्डिंग कापू नका, तो फोन विकू नका.

अर्जाच्या सहा प्रती लागतात, सोबत पुरावे आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. लिहिता येत नसेल तर समितीने लिहून द्यायला मदत करायची असते. एक प्रत जास्त न्या आणि तिच्यावर शिक्का, तारीख, सही घ्या. पोहोच नसेल तर मुदतीत अर्ज दिला हे दाखवणार कसं?

अर्ज देण्याआधी मी ताईला एक गोष्ट स्पष्ट सांगितली, तुम्हीही सांगा. घरकामगाराच्या बाबतीत, तक्रारीत सकृतदर्शनी तथ्य दिसलं तर समिती सात दिवसांत ती पोलिसांकडे गुन्हा नोंदवण्यासाठी पाठवते. म्हणजे प्रकरण समितीपाशी थांबत नाही. ताई दोन दिवस विचार करून मग 'हो' म्हणाली. अंगावर हात टाकला असेल तर समितीची वाट न बघता थेट ठाण्यातही जाता येतं. हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. तातडीला ११२, सल्ल्याला १८१. वकील हवा असेल तर १५१००. महिलांना हा वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

गटाच्या सचिवांसाठी एक. ताईचं नाव बैठकीत वाचू नका, इतिवृत्तातही लिहू नका. तक्रारदाराची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे. म्हणून इथेही तिचं नाव-गाव दिलेलं नाही.

ताईचा अर्ज ९ ऑक्टोबरला दाखल झाला. जुलैचा पगार अजून बाकी आहे. तो या समितीच्या कामात बसत नाही, त्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाकडे वेगळा अर्ज लिहायला आम्ही बसलो आहोत.