साठा संपला, की किती कमी पडला?

प्रश्न : आम्ही बेअरिंगचे वितरक. एका मालाची सायकल सर्व्हिस लेव्हल ६० टक्के, पण फिल रेट ९९ टक्के दिसतो. खरे कोणते?

उत्तर : दोन्ही. समजा, दहा खेपा मागवल्या आणि प्रत्येक खेपेत ५०० नगांची मागणी आली. चार खेपांत नवा माल येण्याआधीच साठा संपला; दर वेळी १० नग कमी पडले. दहापैकी सहा खेपा निभावल्या, म्हणून ६० टक्के. पण ५,००० पैकी ४,९६० नग लगेच दिले, म्हणून ९९.२ टक्के. पहिले माप तुटवडा पडला का, एवढेच बघते. किती, ते नाही.

सुरक्षा साठ्याच्या सूत्रातला १.६५ हा गुणक पहिल्या मापाचे ९५ टक्के देतो. ग्राहकाला ९५ टक्के फिल रेटच हवा असेल, तर मोठ्या खेपा मागवणाऱ्यांचे भांडवल त्यात उगाच अडकते.