छायाचित्रांतील माणूस कोठें कापावा?

गतवर्षींच्या आमच्या अंकांत धांवण्याच्या शर्यतींत ढाल मिळविणाऱ्या एका विद्यार्थ्याचें छायाचित्र छापलें होतें. पानावर जागा अपुरी पडली, म्हणून आम्हीं त्याची खालची कड घोट्यांपाशीं छाटली. अंक घरीं जातांच त्याच्या आजीनें विचारलें, “बाळा, तुझ्या पायांस काय झालें रे?” धांवणाऱ्याचींच पाउलें आम्हीं नाहींशीं केलीं होतीं!

असें कां व्हावें? मनगट व घोटा येथें अवयव निमुळता होत येतो आणि पुढें पंजाचा किंवा पाउलाचा निराळा आकार सुरू होतो. नेमकें तेथेंच चित्र संपलें कीं अवयवही तेथेंच संपल्यासारखा दिसतो. गुडघ्यावर छेद घेतला तर मांडी पुरी होऊन पुढचा पाय तुटल्याचा भास होतो. उलट मांडीच्या अगर पोटरीच्या मधल्या भागावर छेद घेतला, तर अवयवाची रेषा चालू असतांनाच चौकट आडवी येते. डोळा ती रेषा आपण होऊन पुढें नेतो व कांहीं उणें वाटत नाहीं.

तेंच छायाचित्र आम्हीं पुन्हां हातीं घेतलें. त्यांत विद्यार्थी सरळ उभा असून त्याची उंची १५ सेंटिमीटर भरते. उजव्या हातानें ढाल छातीशीं धरली आहे, डावा हात खालीं सोडलेला आहे. तळव्यांपासून मोजल्यास गुडघा सुमारें सव्वाचार सेंटिमीटरांवर येतो. मांडीचा मध्य म्हणून आम्हीं सहावर कड धरून पाहिली, तों नवीच अडचण निघाली. सोडलेल्या हाताचीं बोटें मांडीच्या मध्यापर्यंत पोहोंचतात, त्यामुळें त्यांचीं टोकें छाटलीं जाऊं लागलीं. म्हणून कड खालीं, पांच सेंटिमीटरांवर आणिली. आतां पंजा संपूर्ण राहिला, बोटांखालीं थोडी मोकळी जागा उरली, आणि गुडघाही चौकटीबाहेर गेला.

चित्र याहूनही आंखूड हवें असेल, तर कड थोडथोडी वर सरकवूं नये. सव्वासातच्या आसपास मनगट आडवें येतें. एकदम सव्वाआठापर्यंत जावें. तेथें छेद कोपर व मनगट यांच्या मध्यावर पडतो. पंजा सगळाच जातो, पण त्याची चुकामूक कोणास जाणवत नाहीं. अर्धवट पंजा मात्र लगेच खुपतो.

हीं मापें सरळ उभ्या माणसाचीं होत. शरीराची ठेवण बदलली कीं तींही बदलतात. म्हणून कापण्यापूर्वीं काळ्या जाड कागदाच्या दोन काटकोनी पट्ट्या चित्रावर सरकवून पाहाव्या. संगणकावर कापावयाचें असल्यास चौकट क्षणभर तशीच ठेवून दुरून पाहावें. घोळदार धोतर किंवा साडी असेल तर गुडघा दिसतच नाहीं, तेव्हां तेथें एवढी काळजी नको. खुर्चीवर बसलेल्या माणसाचे गुडघे मात्र पुढें येऊन ठळक दिसतात. तेथें ते पूर्ण ठेवून छेद पोटरीच्या मध्यावर घ्यावा.