एक वर्ष जास्त लागलं, तर अर्जात काय लिहावं?

पॉलिटेक्निकात शिकवून निवृत्त झाल्यावर जालन्यात मस्तगडच्या आमच्या घरी नोकरीचे अर्ज तपासून घ्यायला मुलं येतात. मार्कशीटवर नापासाचा विषय असेल, तर त्या ओळीपाशी त्यांचा आवाज खाली जातो. अशा अर्जांबद्दल मला जे उमगलं ते लिहितो. मेकॅनिकलच्या एका मुलाचं उदाहरण सोबत ठेवतो.

१. आधी आपली मार्कशीट परक्या नजरेनं वाचा. प्रत्येक मार्कशीटवर उन्हाळी किंवा हिवाळी परीक्षा आणि साल छापलेलं असतं. प्रवेशाचं साल आणि पास झाल्याचं साल यांची वजाबाकी समोरचा माणूस आधी करतो. तीन वर्षांच्या डिप्लोमाला चार लागली, हे त्याला दोन तारखांतून कळतं. म्हणून ते लपवून काही साधत नाही. नुसती एटीकेटी आणि गेलेलं वर्ष यांतला फरकही त्याला ठाऊक असतो. या मुलाचा दुसऱ्या सत्रातला अप्लाइड मॅथेमॅटिक्स राहिला होता. पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय पाचव्या सत्राला प्रवेश मिळत नाही, त्यामुळे चौथं सत्र संपलं तरी तो घरीच बसला. विषय एकच, पण वर्ष गेलं.

२. कारण एका वाक्यात लिहा, आणि ते अभ्यासातलं असेल तर नेमकं लिहा. त्यानं पहिल्या मसुद्यात पानभर लिहिलं होतं: घरची परिस्थिती, कडक पेपर, शिकवणाऱ्यांचं दुर्लक्ष. मी विचारलं, "पेपरात अडलास कुठे?" तो म्हणाला, "सर, इंटिग्रेशनला. सूत्र लावायचो, पण पुढे त्रिकोणमिती यायची आणि तिथंच थांबायचो." हेच खरं कारण होतं. दहावीनंतर थेट डिप्लोमाला आलेल्या मुलाला काही महिन्यांतच इंटिग्रेशन गाठतं, आणि त्याचा पाया पहिल्या सत्रातली त्रिकोणमिती व आंशिक अपूर्णांक यांत असतो. ते धडे त्यानं काठावर पास होऊन मागे टाकले होते. शेवटी अर्जात एवढंच राहिलं:

"दुसऱ्या सत्रातील अप्लाइड मॅथेमॅटिक्समध्ये मी अनुत्तीर्ण झालो, त्यामुळे एक वर्ष वाढले. पहिल्या सत्रातील त्रिकोणमिती कच्ची राहिली होती; ती पुन्हा पक्की करून चौथ्या सत्रानंतरच्या हिवाळी परीक्षेत ७० पैकी ४६ गुण मिळवले. पाचव्या सत्रात एलिमेंट्स ऑफ मशीन डिझाइनमध्ये ७० पैकी ५१ गुण आहेत."

आजारपण किंवा घरातला मृत्यू हे कारण असेल तर तेही एका ओळीत लिहावं आणि कागद असल्यास जोडावा. पेपर काढणाऱ्याला किंवा शिक्षकाला दोष मात्र देऊ नये. तो खरा असला तरी अर्ज वाचणाऱ्याला तपासता येत नाही.

३. तोच विषय सुटला, एवढ्यानं सावरणं दिसत नाही. लेखी परीक्षेत ७० पैकी २८ ला विषय सुटतो, आणि चौथ्या प्रयत्नातले २८ वाचणाऱ्याला काहीच सांगत नाहीत. राहिलेल्या विषयावर उभा असलेला पुढचा विषय शोधा. मेकॅनिकलला तो मशीन डिझाइन असू शकतो. तिथले गुण बरे असतील तर ते ओळीतच लिहा. ते बरे नसतील तर प्रकल्पात किंवा कामावर ते गणित कुठे वापरलं ते लिहा. तेही नसेल, तर फक्त विषय कधी सुटला ते लिहून थांबा.

४. फॉर्ममधला प्रश्न दोनदा वाचा. "सध्या किती बॅकलॉग आहेत?" आणि "आजवर किती होते?" हे वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याला "शून्य" हे उत्तर खरं असू शकतं, दुसऱ्याला तेच लिहिलं तर खोटं ठरतं. कागदपत्रांची पडताळणी नोकरी लागल्यावरही होते. एकही बॅकलॉग नको, अशी जाहिरातीतच अट असेल, तर कितीही चांगलं लिहिलं तरी तिथं उपयोग नाही. दुसरी जागा शोधावी.

५. मुलाखतीला त्याच विषयाची तयारी करून जा. अर्जात गणिताचा उल्लेख आला की प्रश्नही गणितावरच येऊ शकतो. म्हणून मी त्याला विचारलं, "आयताकृती छेदाचा मोमेंट ऑफ इनर्शिया bd³/12. हे बारा आले कुठून?" सूत्र त्याला पाठ होतं, पण हा प्रश्न कुणी केला नव्हता. त्यानं कागद ओढला. मध्यरेषेपासून y अंतरावर dy जाडीची पट्टी घेतली, तिचं क्षेत्रफळ b·dy, ते y² नं गुणलं आणि −d/2 पासून +d/2 पर्यंत इंटिग्रेट केलं. y³/3 मध्ये दोन्ही मर्यादा घातल्यावर d³/24 आणि d³/24 यांची बेरीज d³/12 झाली, तिला तीननं भागायचं राहिलं, असं त्याला वाटलं. मी बोललो नाही. त्यानं मर्यादा पुन्हा घालून पाहिल्या: (d/2)³ म्हणजे d³/8, त्याला तीननं भागलं की d³/24, म्हणजे तीन आधीच भागून झाले होते. "सर, बरोबरच होतं," असं म्हणून त्यानं b लावला आणि मुलाखतीला न्यायच्या वहीत ते पान नव्यानं उतरवून घेतलं.