हमीभाव आहे, मग भात पडून का?

प्रश्न : हमीभाव जाहीर होऊनही कर्जत-खालापुरातील भात विक्रीविना का राहते?

उत्तर : हमीभाव ही किमान किंमत असून, ती बाजारभावाहून वर ठरली की शेतकरी अधिक माल आणतो, परंतु गिरणीमालक तेवढाच किंवा कमीच घेतो, आणि ही तफावत म्हणजेच अधिशेष होय. 2024-25 च्या हंगामात साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला 2,300 रुपये होता. समजा, त्या दराने 100 क्विंटलांपैकी 70 क्विंटलांनाच गिऱ्हाईक मिळाले, तर उरलेल्या 30 क्विंटलांचा भार शासकीय खरेदीवरच पडतो. ही खरेदी उशिरा सुरू झाली, किंवा गोदाम भरले, तर पैशांची नड असलेला शेतकरी तेच भात व्यापाऱ्याला कमी दराने देतो, कारण हमीभाव खासगी खरेदीदारावर कायद्याने बंधनकारक नाही. किमान वेतन हीही किमान किंमतच असली, तरी त्याचे तसे नाही : ते मालकावर बंधनकारक असल्याने तेथे न खपलेला माल म्हणजे काम न मिळालेला मजूर, मात्र मालक मोजके असल्यास रोजगार घटेलच असे नाही. दोन्हींना एकच मोजपट्टी लावणे म्हणूनच चुकीचे ठरते. भाताबाबत आणखी एक अडचण म्हणजे, शासकीय खरेदी केंद्रावर 17 टक्क्यांहून अधिक ओलावा असलेले भात नाकारले जाते, त्यामुळे शेतकऱ्यांनी ते नीट वाळवूनच न्यावे.