गेम स्टुडिओ सोडताना राजीनाम्यात काय लिहायचं, काय नाही

व्हिडिओत राजीनाम्याच्या पत्राचा भाग जरा घाईत झाला, म्हणून तो इथे सविस्तर देतोय. उदाहरणासाठी अकोल्याचा एक मुलगा घेऊ. पुण्यातल्या एका स्टुडिओत तो गेमप्ले प्रोग्रामर आहे. खेळाडूने बटण दाबल्यावर पात्र कसं पळेल, उडी किती उंच जाईल, तलवारीचा वार कुठे लागला, हे सगळं त्याच्या कोडमध्ये ठरतं. आता त्याला गावी परत येऊन अमरावतीच्या एका चित्रकार मित्रासोबत छोटी कंपनी काढायची आहे. घरी वडिलांचा एकच प्रश्न : "कायले सोडतं बापा चांगली नोकरी?" त्याचं उत्तर त्याचं त्यानेच द्यावं. आपण त्याचं पत्र बघू.

एका रात्री बसून त्याने लिहिलेला कच्चा मसुदा असा. (प्रत्यक्षात पत्र इंग्रजीत मेलने जाईल, मजकूर तोच.)

"सर, मी आज २५ मे रोजी राजीनामा देत आहे. मला अकोल्यात स्वतःची गेम कंपनी सुरू करायची आहे. गेलं दीड वर्ष मी घरी एका ॲक्शन गेमचा प्रोटोटाइप बनवतोय आणि आपल्या प्रोजेक्टवर केलेली लढाईची सिस्टीम त्यात अजून चांगली जमली आहे. टीममधले दोघे माझ्यासोबत यायला उत्सुक आहेत. शक्य असेल तर आठ दिवसांत मोकळं करावं."

प्रामाणिक पत्र आहे. पण उद्या त्याचा गेम चालला आणि स्टुडिओचा वकील कागद शोधायला लागला, तर त्याला दुसरा पुरावा शोधायची गरज नाही.

सगळ्यात महाग वाक्य प्रोटोटाइपचं आहे, म्हणून आधी तेच घेऊ. आपल्या कॉपीराइट कायद्यात, म्हणजे १९५७ च्या कायद्यात, कॉम्प्युटर प्रोग्रामला साहित्यकृती मानलं आहे. कलम १७ सांगतं की नोकरीच्या कामाचा भाग म्हणून कर्मचाऱ्याने जे तयार केलं, त्याचा पहिला मालक मालकच, म्हणजे कंपनी. वेगळा करार असेल तरच उलटं. घरी, रविवारी, स्वतःच्या लॅपटॉपवर केलेलं काम या कलमात आपोआप बसत नाही. पण बऱ्याच स्टुडिओंच्या नेमणूक पत्रात एक रुंद कलम असतं : नोकरीच्या काळात, कंपनीच्या धंद्याशी संबंधित जे काही बनवाल ते कंपनीचं. गेम स्टुडिओत नोकरी करून घरी गेमच बनवला, तर तो "संबंधित" नाही असं म्हणणं अवघड जातं. त्यात आपल्या मुलाने स्वतःच्या सहीने लिहून दिलं की तिथली सिस्टीम इथे वापरली!

मग प्रोटोटाइप फेकून द्यायचा का? आधी तपासायचा. गिटमध्ये प्रत्येक नोंदीची वेळ आणि ईमेल राहतो. ही एक आज्ञा चालवली की यादी समोर येते :

```
git log --format="%ad %ae"
```

त्यात मंगळवारी दुपारी तीनच्या नोंदी दिसतायत का? ईमेल ऑफिसचा आहे का? ऑफिसच्या खात्यावर विकत घेतलेला एखादा प्लगइन किंवा ॲनिमेशन पॅक आत आलाय का? लढाईच्या फाइलींची नावं तिथल्यासारखीच आहेत का? आपल्या मुलाने तपासलं तेव्हा उडीचा आणि कॅमेऱ्याचा भाग स्वच्छ निघाला, पण लढाईचा भाग ऑफिसच्या कोडवर बेतलेला होता. त्याने हा भाग काढून टाकावा, आणि नोकरी संपल्यावर कोऱ्या फाइलीत नव्याने लिहावा. दोन-तीन महिने जातील. जाऊ द्या. आणि यादी बघून जुन्या तारखा बदलायचा मोह होतो, तो अजिबात करू नका. तारीख बदलता येते तशी ती बदलल्याचं उघडही होतं, आणि मग साधा वाद फसवणुकीचा होतो.

डोक्यातलं कौशल्य मात्र तुमचंच. उदाहरण देतो. पात्र कड्यावरून घसरल्यावरही क्षणभर उडी मारू द्यायची, याला या क्षेत्रात कोयोटी टाइम म्हणतात. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर ६ फ्रेमची सूट, म्हणजे सेकंदाचा दहावा हिस्सा. खेळाडूला कळत नाही, पण गेम "हाताला बरा" लागतो. ही युक्ती कुणा एका स्टुडिओची नाही, ती बिनधास्त वापरा. पण तुमच्या स्टुडिओने महिनोन्‌महिने खेळून ठरवलेला आकड्यांचा तक्ता, त्यासाठी बनवलेलं आतलं टूल, न जाहीर झालेल्या गेमचा व्हिडिओ, हे बाहेर न्यायचं नाही. पोर्टफोलिओत टाकायलाही लेखी परवानगी लागते.

आता "आठ दिवसांत मोकळं करा." यावर आपल्याच राज्यातलं एक जुनं प्रकरण सांगतो. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉन कारखान्यात निरंजन गोलिकरी नावाचे शिफ्ट सुपरवायझर होते. टायरच्या धाग्याचं तंत्र कंपनीने परदेशी कंपन्यांकडून गुप्ततेच्या अटीवर आणलं होतं आणि त्यांना ते शिकवलं होतं. करार १९६३ पासून पाच वर्षांचा होता, आणि त्या पाच वर्षांत दुसऱ्या ठिकाणी तसंच काम करायचं नाही ही अट होती. ३१ ऑक्टोबर १९६४ ला त्यांनी कळवलं की आजपासून राजीनामा. कंपनीने परत बोलावलं, तर उत्तर गेलं की दुसरी नोकरी मिळाली आहे. ती होती कोट्याला, त्याच धंद्यातल्या कंपनीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६७ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला : कराराची मुदत संपेपर्यंत तसं काम करायचं नाही.

यातून घ्यायचं एवढंच की तुम्ही "आजपासून" लिहिलं म्हणून करार आजपासून संपत नाही. नोटीस पूर्ण करा, किंवा कंपनीने लेखी सूट दिली तरच आधी निघा.

नोकरी संपल्यानंतरचं चित्र वेगळं आहे. "सोडल्यावर दोन वर्षं गेम कंपनी काढणार नाही" अशी अट अनेक पत्रांत असते आणि पोरं तिला फार घाबरतात. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ धंद्यावर बंधन घालणारा करार रद्दबातल ठरवतं. २००६ मध्ये आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानच्या प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाने हेच धरलं : करार संपल्यानंतर लागू होणारं बंधन चालणार नाही. म्हणजे कंपनी काढायला ती अट आडवी येत नाही. गुप्ततेची अट मात्र पुढेही चालू राहते, आणि किमान सेवेचा बाँड असेल तर त्याचे पैसे मागितले जाऊ शकतात. २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांआधी सोडल्याबद्दलचा दोन लाखांचा बाँड न्यायालयाने वैध ठरवला. म्हणून नेमणूक पत्र काढून, कंत्राटाची प्रकरणं चालवणाऱ्या वकिलाला एकदा दाखवाच. अकोल्यात असो की अमरावतीत, एका बैठकीचं काम आहे.

तारखेचा अजून एक हिशोब आहे, तो बहुतेक जण विसरतात. समजा आपला मुलगा ९ ऑगस्ट २०२१ ला रुजू झाला आणि नोटीस ६० दिवसांची आहे. २५ मे २०२६ ला पत्र दिलं तर शेवटचा दिवस २४ जुलै. सलग पाच वर्षं भरायला जेमतेम दोन आठवडे कमी! कायम नोकरीत ग्रॅच्युइटीचा हक्क पाच वर्षांनी लागतो. हिशोब साधा आहे : शेवटचा मूळ पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. मूळ पगार ३६,००० धरला तर १,०३,८४६ रुपये. अकोल्यातल्या दोन माणसांच्या कंपनीसाठी ही लहान रक्कम नाही. पत्र १५ जूनला दिलं की शेवटचा दिवस १४ ऑगस्ट येतो आणि पाच वर्षं भरतात. तीन आठवडे थांबायचं, बस्स.

उरली ती सोबत येणारी दोघं. त्यांचा उल्लेख पत्रातून काढा आणि नोकरीत असताना त्यांना ऑफर देऊही नका. पगार इथला घेऊन माणसं तिथे नेणं, हे कुठल्याही मालकाला खपत नाही आणि कोर्टातही वाईट दिसतं.

कारण लिहायचं का? अमेरिकेत १९७९ मध्ये अटारीचे चार गेम प्रोग्रामर बाहेर पडले. त्यांचे गेम खोऱ्याने पैसा आणत होते, पण गेमवर नाव नाही आणि विक्रीत वाटाही नाही. त्यांनी ॲक्टिव्हिजन काढली. अटारीने व्यापारी गुपितं नेल्याचा दावा लावला आणि तो मिटायला १९८२ उजाडलं. राग खरा होता, तरी दावा लागायचा तो लागलाच. मग तो राग पत्रात कशाला लिहून ठेवायचा? माझं मत असं : स्वतःचं काम सुरू करतोय एवढं तोंडी सांगा, विचारलं तर खोटं बोलू नका, पण गेमचा प्रकार, नाव, भांडवल यातलं काही लिहू नका.

तर सुधारलेलं पत्र :

"महोदय, मी गेमप्ले प्रोग्रामर या पदाचा राजीनामा देत आहे. नेमणूक पत्रानुसार ६० दिवसांची नोटीस आज, १५ जून २०२६ पासून धरावी. माझा शेवटचा कामाचा दिवस १४ ऑगस्ट २०२६ असेल.

या काळात पात्राची हालचाल आणि लढाई या दोन्ही भागांची कागदपत्रं पूर्ण करून, आपण सांगाल त्या सहकाऱ्याकडे काम सोपवीन. कंपनीचा लॅपटॉप, डेव्हकिट आणि सर्व लॉगिन शेवटच्या दिवशी परत करीन. कंपनीचा कोड किंवा फाइली मी माझ्याकडे ठेवणार नाही. गुप्ततेच्या अटी मला मान्य आहेत.

कृपया राजीनामा मिळाल्याची पोच, कार्यमुक्तीचं पत्र आणि ग्रॅच्युइटीसह अंतिम हिशोब द्यावा. इथे शिकायला मिळालं, त्याबद्दल आभारी आहे."

"ठेवणार नाही" हे वाक्य खरं असायला पाहिजे. घरच्या लॅपटॉपवर ऑफिसची फाइल असेल तर लीडला मेल करून सांगा आणि त्याच्या होकारानंतर काढा. ऑफिसचा लॅपटॉप मात्र परत देण्याआधी स्वतःहून फॉरमॅट मारू नका. पुरावा पुसला असा अर्थ निघतो.

पत्र आधी लीडला प्रत्यक्ष भेटून सांगा, मग त्याच दिवशी एचआरला मेल. पोच आली नाही तर तीन दिवसांनी त्याच मेलवर आठवण. ऑफिसचं खातं शेवटच्या दिवशी बंद होतं, म्हणून पाठवताना स्वतःचा ईमेल प्रतीत ठेवा.

आणि कंपनी नोंदणीचा अर्ज १४ ऑगस्टच्या आधी टाकू नका. कंपनीची स्थापना तारीख सरकारी संकेतस्थळावर कुणालाही दिसते. नाव आधी राखून ठेवलं तर ते २० दिवसच टिकतं, म्हणून त्याचीही घाई नको. १७ तारखेला, सोमवारी, अकोल्यात सीएकडे बसा.